शोरूममध्ये गुप्त ग्राहक म्हणून पहिल्यांदा जाताय? तालुक्याच्या गावातल्या गाडीच्या शोरूमपासून सुरुवात करा

मी यवतमाळ जिल्ह्यातली. चार वर्षं एका दुचाकीच्या शोरूममध्ये काउंटरला होते, आता दुसऱ्यांच्या शोरूममध्ये ग्राहक बनून जाते आणि तिथले सेल्समन कसे वागतात ते लिहून देते. याला मिस्ट्री शॉपिंग म्हणतात. मालक किंवा कंपनी एजन्सीला काम देते, एजन्सी आपल्याला पाठवते. एका भेटीचे थोडेफार पैसे आणि येण्याजाण्याचा खर्च मिळतो. यावर घर चालत नाही, हे आधीच सांगून टाकते.

पुण्या-मुंबईकडे शिकवतात ती पद्धत आपल्याकडे तशीच चालत नाही. तिथे कुणी कुणाला ओळखत नाही. आपल्याकडे शोरूमच्या पायरीवर पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, “कोन्या गावचे होय जी?” आणि दुसरा, “कोनाच्या घरचे?” म्हणून हे सगळं दुचाकीच्या शोरूमच्या उदाहरणाने सांगते. ट्रॅक्टरला किंवा फ्रिज-टीव्हीच्या दुकानालाही थोड्या फरकाने हीच रीत लागते.

१. काम घेण्याआधी काय तपासायचं

खरी एजन्सी तुमच्याकडून कधीही पैसे मागत नाही. “नोंदणी फी भरा”, “आधी वस्तू घ्या, दुप्पट परत देतो” असे निरोप टेलिग्रामवर येतात. ती सरळ फसवणूक आहे, तिथेच थांबा.

त्यानंतर स्वतःला विचारायचं, या शोरूममध्ये माझं कुणी आहे का? चुलत दीर मेकॅनिक असेल, शेजाऱ्याचा मुलगा सेल्समन असेल, किंवा मागच्या वर्षी तिथे तुमचं भांडण झालेलं असेल, तर काम सोडून द्या. लिहिताना हात ढिला पडतो किंवा नको तितका कडक होतो. मी साधारण पन्नास-साठ किलोमीटरच्या आतलं काम घेतच नाही.

तिसरी गोष्ट मालकाला विचारायची. अशा भेटी होत असतात हे शोरूममधल्या लोकांना माहीत आहे का? कधी आणि कोण येणार हे त्यांना कळायला नको, पण भेटी होतात एवढं तरी सांगितलेलं असावं. ते न सांगता पाठवणारा मालक बहुतेक वेळा कुणाला तरी काढायचं निमित्त शोधत असतो. असं एक काम मी एकदा केलं, पुन्हा करणार नाही.

२. सोबत काय घ्यायचं

• एजन्सीचं नेमणूकपत्र, पिशवीत खोल ठेवलेलं. कुणी संशय घेऊन अडवलं तरच दाखवायचं.
• प्रसंगाचा कागद, म्हणजे तुम्ही कोण, काय घ्यायला आलात, पैसे कसे देणार. हा घरी पाठ करायचा आणि घरीच ठेवायचा.
• वेगळा मोबाइल नंबर. शोरूममध्ये नंबर द्यावाच लागतो आणि मग फोन येत राहतात.
• साधं मनगटी घड्याळ. सारखा मोबाइल काढून वेळ पाहिली की लक्षात येतं.
• एसटीचं तिकीट, खर्चाच्या हिशेबासाठी जपून ठेवलेलं.

प्रश्नावली शोरूममध्ये न्यायची नाही. आधार आणि पॅन तर अजिबात नाही. “हप्त्यावर बसते का पाहू, आधार द्या” असं सेल्समन सहज म्हणतो. त्याने फायनान्सवाल्याकडे तुमची चौकशी टाकली तर तिची नोंद तुमच्या सिबिलच्या अहवालात होऊ शकते. घेणार नाही त्या गाडीसाठी स्वतःच्या नावावर ती नोंद कशाला? “कागदं घरी राहिले जी” एवढं उत्तर पुरतं.

३. गोष्ट खऱ्याला चिकटून रचा

नवीन माणसं इथेच पकडली जातात. खोटं गाव सांगतात, आणि सेल्समनची मावशी नेमकी त्याच गावची निघते. गाव खरं सांगा, पण असं सांगा की पुढचा फाटा फुटू नये. मी माहेरचं गाव सांगते. तिथे माझी सगळी माहिती खरी आहे आणि सासरच्या नावाशी तिचा पटकन संबंध लागत नाही.

गाडी का हवी, याचं कारणही घरातलंच घ्या. माझ्याकडे स्कूटर नाही, पोरीला शाळेत सोडायला ती लागेल, हे खरंच आहे. फक्त आज घेणार नाही. “कापूस विकला की पाहू” हे वाक्य दिवाळीनंतर कुणालाही खटकत नाही. जूनमध्ये, पेरणीच्या तोंडावर, तेच वाक्य विचित्र वाटेल.

४. बरोबर उत्तर आधी स्वतःला माहीत हवं

सेल्समन ठामपणे चुकीचं बोलला आणि आपल्याला ते कळलं नाही, तर “माहिती चांगली दिली” म्हणून आपण त्याला पूर्ण गुण देऊन बसतो. सुरुवातीला माझं असंच झालं होतं. आता निघण्याआधी चार गोष्टी पक्क्या करून जाते.

पहिली विम्याची. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पण तो शोरूममधूनच घ्यावा असं बंधन नाही. “दुसरीकडचा विमा चालत नाही” हे उत्तर चूक.

दुसरी हेल्मेटची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३८ वा नियम सांगतो की दुचाकी विकताना तिच्यासोबत प्रमाणित हेल्मेट द्यायचं. ते अॅक्सेसरीजच्या यादीत घालून वेगळे पैसे सांगितले, तर तसं लिहून ठेवा.

तिसरी ऑन रोड किमतीची. एक्स-शोरूम किंमत, पासिंगचा खर्च आणि कर, विमा, आणि मग अॅक्सेसरीज असे तिचे तुकडे असतात. शेवटचा तुकडा आपल्या मर्जीचा. तो मर्जीचा आहे हे सांगितलं का, एवढंच पाहायचं.

चौथी हप्त्याची, आणि ही जरा समजून घ्या. समजा ८०,००० रुपये कर्ज, मुदत २४ महिने, व्याज १२ टक्के. हे व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वरच धरलेलं असेल, तर दोन वर्षांचं १९,२०० रुपये होतं आणि हप्ता ४,१३३ च्या आसपास येतो. तेच १२ टक्के घटत्या शिल्लकेवर धरले तर हप्ता सुमारे ३,७६६. टक्का एकच, पण दोन वर्षांत जवळपास ८,८०० रुपयांचा फरक. म्हणून “बाराच टक्के आहे काका” हे अर्धं उत्तर झालं. एकूण किती भरावे लागतील, हे सांगितलं तर पूर्ण.

५. प्रश्नावली: पाहिलं तेवढंच विचारणारी

एजन्सीच्या कागदावर “सेल्समन नम्र होता का? पाचपैकी गुण द्या” असा प्रश्न असतो. त्याला माझा विरोध आहे. माझा नम्रपणा आणि तुमचा नम्रपणा सारखा नसतो. नागपूरहून आलेल्या एका बाईने “मला एकेरी हाक मारली” म्हणून शून्य दिलं होतं. सेल्समन म्हणाला होता, “ये न ताई, बस.” आपल्याकडे याहून आपुलकीने कोण काय बोलणार?

म्हणून ज्याचं उत्तर ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ यात बसतं तेवढंच विचारायचं. मी वापरते ते बारा प्रश्न असे:

१) आत आल्यापासून तीन मिनिटांत कुणी बोललं का? सगळे गुंतलेले असतील तर दुरून “बसा, आलोच” म्हटलेलंही चालेल.
२) बसायला सांगितलं का?
३) गाडी कशासाठी, कोण चालवणार, हे विचारलं का?
४) ज्याच्यासाठी गाडी आहे त्याच्याशीच बोलला का?
५) ऑन रोड किंमत फोडून सांगितली का?
६) ती लेखी दिली का?
७) विम्याबद्दल विचारल्यावर बरोबर सांगितलं का?
८) हेल्मेटबद्दल बरोबर सांगितलं का?
९) हप्ता सांगताना एकूण भरायची रक्कम सांगितली का?
१०) टेस्ट राइड स्वतःहून विचारली का?
११) “विचार करून सांगतो” म्हटल्यावर सेल्समनने स्वतःचं नाव आणि नंबर दिला का?
१२) पुढच्या ४८ तासांत एकदा तरी फोन केला का?

चौथा प्रश्न मी स्वतः घातला. स्कूटर माझ्यासाठी, चालवणार मी, पैसे मी देणार, आणि सेल्समन सगळी माहिती नवऱ्याकडे पाहून सांगतो, हे इतक्यांदा झालंय की आमचे हे आता शोरूममध्ये गेले की मुद्दाम भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसतात.

प्रत्येक ‘नाही’पुढे एक ओळ हवी, की त्या वेळी परिस्थिती काय होती. ग्राहक किती, सेल्समन किती, लाइट होती की नाही. हीच ओळ नंतर माणसाला वाचवते किंवा त्याची चूक पक्की करते.

६. प्रत्यक्ष भेट

बाजाराच्या दिवशी, धनत्रयोदशीला किंवा पाडव्याला जाऊ नका. सेल्समनचं उत्पन्न विकलेल्या गाड्यांवर चालतं. त्याची गर्दीची वेळ खाल्ली की आपण त्याचे पैसे खातो, आणि त्या दिवशीचं वागणं नेहमीचंही नसतं. साधा दिवस, सकाळी अकरा ते एक, ही वेळ मला बरी वाटते. एकूण भेट अर्ध्या तासात आटपा.

सापळे लावायचे नाहीत. मुद्दाम चिडवणं, उगाच घासाघीस करणं, “समोरचा दुकानदार तर दोन हजार कमी देतो” अशी थाप मारणं, यातून माणूस रोज कसा वागतो ते कळत नाही. त्याला डिवचल्यावर तो कसा वागतो, एवढंच कळतं.

आवाज रेकॉर्ड करणं मी टाळते. बाहेर पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत सगळं लिहून काढते, आधी आकडे आणि वेळा, मग त्याच्या तोंडची वाक्यं, शेवटी बाकीचं. उशीर झाला की “त्याने विमा सांगितला होता का आपणच विचारलं होतं?” इथपासून गोंधळ सुरू होतो. आणि लिहायला समोरच्या चहाच्या टपरीवर बसू नका. शोरूमची पोरं तिथेच चहाला येतात. मी सरळ बसस्टँड गाठते.

७. एका भेटीवरून निकाल नको: आमचं एक काम

एका तालुक्याच्या गावच्या शोरूममालकाची शंका होती की आपले सेल्समन कपडे पाहून गिऱ्हाईक ठरवतात. धोतर-टोपीवाला शेतकरी रोख पैसे घेऊन येतो आणि हात हलवत परत जातो, असं त्याच्या कानावर आलं होतं.

हे तपासायला जोडीने भेटी कराव्या लागतात. दोन माणसं, वय सारखं, गोष्ट सारखी, फरक फक्त कपड्यांचा. माझे मामा, वय पंचावन्न, धोतर, खांद्यावर दुपट्टा आणि चपला. दुसरे त्यांच्याच वयाचे एक निवृत्त कारकून, इस्त्रीचा शर्ट आणि बूट. दोघांनाही ११० सीसीची मोटारसायकल हवी, स्वतःला चालवायला, पैसे रोख, आणि हे सुरुवातीलाच सांगायचं. हप्ता किती बसेल ते शेवटी सहज विचारायचं, पोराने विचारायला लावलंय म्हणून.

मामा मंगळवारी गेले. सहा मिनिटं उभे होते, कुणी पाहिलं नाही. मग एक पोरगा आला, “बसा काका” म्हणाला. कारकूनकाका गुरुवारी गेले, त्यांच्याशी एका मिनिटात बोलणं सुरू झालं. मालक म्हणाला, “पाहा, मी म्हटलं होतं न!”

मी म्हटलं, थांबा. मंगळवारी दोन सेल्समन आणि पाच गिऱ्हाइकं होती. गुरुवारी शोरूम रिकामं होतं. हा फरक कपड्यांचा की गर्दीचा, कसं सांगणार? पुढच्या आठवड्यात वेगळी जोडी पाठवली आणि वार उलटे केले. धोतरवाले गुरुवारी, शर्टवाले मंगळवारी. गुरुवारी पुन्हा शोरूम रिकामं, तरी धोतरवाल्या काकांना पाच मिनिटं लागली. मंगळवारी गर्दी असून शर्टवाल्यांना दोन. आता शंकेला आधार मिळाला. चार भेटी म्हणजे काही पक्का पुरावा नव्हे, पण मालकाशी बसून बोलण्याइतकं ते नक्की होतं.

वेळेपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त खटकली. दोन्ही धोतरवाल्यांनी रोख देतो म्हटलं, तरी पहिलं वाक्य आलं, “काका, फायनान्स करून देऊ न, कायले रोख देता?” दोन्ही शर्टवाल्यांना मात्र रोखीवर सीट कव्हर फुकट मिळेल, हे आपणहून सांगितलं गेलं.

मामांच्या भेटीचे गुण असे निघाले. टेस्ट राइडचा प्रश्न ‘लागू नाही’, कारण लायसन्स घरी राहिलं हे मामांनीच आधी सांगितलं होतं. उरले अकरा. त्यात सहा ‘हो’. पाच ‘नाही’ म्हणजे उशीर, लेखी किंमत, विमा, हेल्मेट आणि हप्त्याची एकूण रक्कम. अकरापैकी सहा म्हणजे ५५ टक्के. ‘लागू नाही’ला ‘नाही’ धरलं असतं तर बारापैकी सहा, ५० टक्के. सेल्समनच्या पगाराशी हे गुण जोडलेले असतील, तर त्या पाच टक्क्यांवर त्याचं काहीतरी अडलेलं असतं.

आणि लेखी किमतीचं काय झालं? चारही भेटींत कुणालाच लेखी मिळाली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, मालकाचाच हुकूम होता. कोटेशन लिहून दिलं की गिऱ्हाईक तेच घेऊन दुसऱ्या शोरूममध्ये जातं, म्हणून द्यायचं नाही. मग हा ‘नाही’ सेल्समनच्या खात्यात कसा घालणार? तो वेगळा काढला. दहापैकी सहा, ६० टक्के सेल्समनचे. लेखी किमतीची ओळ मालकाच्या नावे. फायनान्सचंही तसंच होतं. प्रत्येक फायनान्सच्या फाइलमागे सेल्समनला वेगळा इन्सेन्टिव्ह होता, रोख गाडीमागे नव्हता. मग धोतर पाहिलं की “याला कर्ज लागेल” असं गृहीत धरायला सेल्समनला कारणच मिळतं. अहवालाच्या पहिल्या पानावर मी हेच लिहिलं. मालकाला आवडलं नाही.

८. अभिप्राय कसा लिहायचा

मामांच्या भेटीवर माझा पहिला खर्डा असा होता: “सेल्समनने शेतकरी ग्राहकाकडे दुर्लक्ष केलं. वागणूक उद्धट होती.” वाचून मामाच म्हणाले, “उद्धट कुठी होता तो? पोरगं गोड बोललं माह्यासंग.” खरं होतं. चीड माझी होती, लिहिली होती मामांच्या नावावर.

मग पुन्हा लिहिलं:

“११.१० ला ग्राहक आत आले. ११.१६ पर्यंत कुणी बोललं नाही. त्या वेळी दोन सेल्समन, पाच ग्राहक. बोलणं सुरू झाल्यावर गाडी कोण चालवणार, शेतात न्यायची की रस्त्यावर, हे सेल्समनने नीट विचारलं आणि किंमत फोडून सांगितली. ग्राहक रोख देणार म्हणाले, तरी दोनदा फायनान्स सुचवलं. विमा इथूनच घ्यावा लागतो असं सांगितलं, हे चूक आहे. सूचना: गर्दीत नव्या ग्राहकाला जागेवरूनच ‘बसा’ म्हणावं. विम्याची माहिती सगळ्यांना एकदा समजावून द्यावी.”

यातलं प्रत्येक वाक्य सेल्समनसमोर वाचून दाखवता येतं, आणि ते नाकारायला त्याला जागा नाही. सूचनाही दोनच आहेत. दहा दिल्या तर तो एकही करत नाही.

हा अभिप्राय आपण स्वतः जाऊन द्यायचा नसतो, तो शोरूमचा माणूस देतो. त्याला तीन गोष्टी लिहून द्या. सेल्समनला एकट्याला बसवून सांगा, सगळ्यांसमोर नको. कोणत्या दिवशीचा, कोणत्या ग्राहकाचा, हे सांगू नका, नाहीतर पोरं महिनाभर प्रत्येक धोतरवाल्याकडे संशयाने पाहतील. आणि आधी त्याला विचारा, “गर्दीत काय अडचण येते?” इथे मालकाच्या मुलाने असं विचारलं तेव्हा सेल्समन म्हणाला, “भाऊ, दोघं जण हाओत. एक जण आरटीओच्या कागदायले गेला की मी एकटाच फ्लोअरवर.” मंगळवार हा त्यांचा पासिंगच्या कागदपत्रांचा दिवस होता. ते काम दुपारवर ढकललं.

९. नंतरचं

दुसरी फेरी सहा-आठ आठवड्यांनी, आणि चेहरे नवे. तेच मामा पुन्हा गेले तर पोरं चहाच मागवतील.

शेवटचं काम नवीन माणसं विसरतात. तुमचा नंबर त्या सेल्समनच्या वहीत ‘गरम गिऱ्हाईक’ म्हणून पडलेला असतो. ४८ तासांची नोंद झाली की पुढचा फोन उचला आणि सांगा, “भाऊ, या वर्षी नाही घेत, नाव काढून टाका.” तो दुसऱ्या कुणाला तरी फोन लावेल.